बावीसशेच्या जागी सपाट रेघ

माझा स्वभाव तापट आहे हे विभागातल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना मी कुणाला भीत नाही, असा माझा समज होता. तो खोटा होता हे मला एका उन्हाळ्यात, दुपारी बाराच्या सुमारास कळलं. ते लिहून ठेवायचं बरीच वर्षं टाळलं. आता निवृत्तीला थोडे महिने राहिलेत आणि टाळण्यात काही अर्थ उरलेला नाही.

मी एम.एस्सी.ला वर्णपटशास्त्र शिकवत असे. त्यात एक नियम येतो आणि तो दरवर्षी परीक्षेला येतो. रेणू स्थिर नसतात, त्यांचे बंध सतत ताणतात, आखडतात, वाकतात. ही थरथर दोन तऱ्हांनी बघता येते. पहिली तऱ्हा म्हणजे अवरक्त प्रकाश, ज्याला आम्ही नुसतं आय.आर. म्हणतो. थरथरताना रेणूतल्या धन आणि ऋण भारांचा तोल हलला, तरच तो रेणू हा प्रकाश शोषतो. तोल हलला नाही तर प्रकाश आरपार जातो आणि आलेखावर रेघ सपाट राहते. दुसरी तऱ्हा रामनची. तीत प्रकाश शोषला जात नाही, विखुरला जातो. इथे तोलाशी देणंघेणं नाही. रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग प्रकाशाच्या ओढीला किती सैल पडतो, आणि तो सैलपणा थरथरीबरोबर कमीजास्त होतो का, एवढंच इथे बघतात.

आता रेणूला मध्यबिंदू असेल, म्हणजे त्यातल्या प्रत्येक अणूच्या बरोबर समोर, मध्यापासून तेवढ्याच अंतरावर तसाच दुसरा अणू असेल, तर गंमत होते. अशा रेणूची प्रत्येक थरथर दोनपैकी एका जातीची असते. मध्यातून उलटी करून पाहिली तर एक जात जशीच्या तशी राहते आणि दुसरी बरोबर उलट होते. भारांचा तोल ही दिशा असलेली गोष्ट आहे, ती उलटी केली की उलटते. म्हणून आय.आर.ला फक्त उलटणारी जात दिसते. ढगाचा सैलपणा उलटा केला तरी तोच राहतो, म्हणून रामनला फक्त न उलटणारी दिसते. जे एकात दिसतं ते दुसऱ्यात दिसत नाही. काही थरथरी दोन्हीतही दिसत नाहीत, पण दोन्हीत दिसेल अशी एकही नसते. पाण्याच्या रेणूला असा मध्य नाही, तर त्याच्या तिन्ही थरथरी दोन्हीकडे दिसतात. थोडक्यात, अशा सममित रेणूचं पूर्ण चित्र हवं असेल तर दोन्ही आलेख शेजारी ठेवावे लागतात. एकट्या आलेखावर विसंबणारा माणूस अर्धाच रेणू बघत असतो.

हे मी फळ्यावर कार्बन डायऑक्साइड काढून शिकवायची. मध्ये कार्बन, दोन्हीकडे ऑक्सिजन. दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर गेले की तोल हलत नाही, म्हणून ती थरथर आय.आर.मध्ये नाही, रामनमध्ये आहे. एक आत आणि एक बाहेर गेला की तोल हलतो, म्हणून ती आय.आर.मध्ये. पाच मार्कांचा प्रश्न. पोरं पाठ करत, पाच मार्क घेत, आणि माझं कर्तव्य संपत असे. दुसरं उदाहरण मी वीस वर्षांत फळ्यावर काढलं नव्हतं, कारण पेपरला दुसरं कधी आलंच नव्हतं.

त्या बॅचला एक मुलगी होती. जैन शेतकऱ्याची, सांगलीजवळच्या गावातली, घरी द्राक्षबाग. बी.एस्सी.नंतर पुढं शिकायला वडिलांनी दोन वर्षांची मुभा दिली होती. बरोबर दोन, त्याच्यावर एक दिवस नाही, असं तिनेच मला हसत सांगितलं होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची निवड झाली होती. तिथे राहायची सोय होती, विद्यावेतन होतं, आणि तिथे लागली की वडिलांना काही विचारायची गरज उरणार नव्हती. अट एकच होती, त्या उन्हाळ्यात एम.एस्सी. पास होऊन निघायचं. तिचे पेपर उत्तम गेले होते. राहिला होता प्रकल्प आणि त्याची तोंडी परीक्षा. प्रकल्पाची मार्गदर्शक मी.

प्रकल्प साधाच होता. स्टिलबीन नावाचं संयुग घ्यायचं, त्याला ब्रोमीन लावायचं, मग तीव्र अल्कलीत तापवून ब्रोमीन काढून टाकायचं. शेवटी जे मिळतं त्यात बेंझिनची दोन कडी आणि त्यांच्यामध्ये कार्बन-कार्बनचा तिहेरी बंध असतो. टोलान म्हणतात त्याला. पोरगी हाताची स्वच्छ होती. तिसऱ्या खेपेला पांढऱ्या लांबट सुया मिळाल्या, साठ अंशांना वितळल्या, पुस्तकात म्हटल्याप्रमाणे. मग तिने आय.आर. काढला. तिहेरी बंधाची खूण आलेखाच्या आडव्या आकड्यांवर बावीसशेच्या आसपास खाली उतरणाऱ्या दातासारखी दिसते. तिच्या आलेखावर तिथे काहीच नव्हतं, सपाट रेघ.

ती माझ्याकडे आली ती घाबरून नव्हे. म्हणाली, मॅडम, दोन्ही बाजूंना सारखीच कडी आहेत, मध्ये मध्यबिंदू आहे, म्हणजे हे कार्बन डायऑक्साइडसारखंच झालं ना, तिहेरी बंध ताणला तरी तोल हलणार नाही. मी शिकवलेलं कुणी खरंच वापरतं याची मला सवय नव्हती. हो, बरोबर आहे, म्हटलं. तिने लगेच एक पत्र पुढे केलं. कोल्हापूरला एका प्रयोगशाळेत रामनचं यंत्र होतं, तिथे नमुना पाठवायला माझी सही हवी होती. मी म्हटलं, ठेव टेबलावर. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला कुठं रामन लागतं, असंही म्हटलं असावं. तेव्हा परीक्षेच्या याद्या, अंतर्गत गुण, प्राचार्यांच्या बैठका यांनी मी कावले होते. पत्र तीन आठवडे याद्यांखाली पडून राहिलं. तिने दोनदा आठवण केली, आणि दुसऱ्यांदा मी तिच्यावर डाफरले. सही केली तेव्हा तोंडी परीक्षा चार दिवसांवर होती.

बाहेरच्या परीक्षकांची आमच्याकडे काय बडदास्त असते ते आमच्या धंद्यातल्यांनाच कळेल. ते दुसऱ्या गावाहून येतात, त्यांच्या हातात निम्मे गुण असतात, आणि त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही रीत असते. एका पोरावरून वाद झाला तर राहिलेल्यांवर राग निघतो असं सगळे मानतात, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. म्हणून नाश्त्याला काय, जेवायला कुठं, जाताना भडंगाचं पाकीट दिलं का, हे सगळं बघितलं जातं. आमच्या विभागात सात पुरुष आणि मी एकटी बाई, त्यामुळे चहा सांगायला कायम मीच. वर्णपटशास्त्र शिकवते मी आणि चहाही मीच सांगायचा, यावरून मी कितीदा तरी भांडले होते.

त्या दिवशी आलेले परीक्षक वयाने ज्येष्ठ, विषयाने सेंद्रिय रसायनवाले. वाईट माणूस नव्हता. तिच्या आधी एका मुलाची परीक्षा झाली. त्याच्या संयुगातही तिहेरी बंध होता, पण एका टोकाला कडं आणि दुसऱ्या टोकाला नुसता हायड्रोजन. बाजू सारख्या नाहीत, तोल हलतो, म्हणून त्याच्या आलेखावर एकवीसशेला बारीकसा दात होता. परीक्षकांनी त्यावर पेन टेकवून मान हलवली. मग ती आली. परीक्षकांनी तिचा आलेख त्या आलेखाशेजारी ठेवला आणि विचारलं, याच्यात आहे, तुझ्यात कुठं आहे?

तिने सांगितलं. शांतपणे, ओळीने, माझ्याच वर्गातल्या शब्दांत. त्याचा रेणू सममित नाही, माझा आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन एकदम टाकलं तर काटा हलत नाही, तसंच हे. एवढंच नाही, तर पुढे हेही म्हणाली, की नुसत्या सपाट रेघेने बंध आहे हे सिद्ध होत नाही, ते रामनने होईल. बंध ताणताना त्याच्याभोवतीचा ढग खूप बदलतो, म्हणून तिथे बावीसशे वीसच्या आसपास जोरकस शिखर दिसायला हवं. नमुना कोल्हापूरला गेलाय. अहवालात तिने तसं लिहिलंही होतं, आकड्यासकट.

परीक्षक म्हणाले, हे सगळं कार्बन डायऑक्साइडचं झालं, एवढ्या मोठ्या रेणूचं काय सांगतेस. साठ अंशांना हजार गोष्टी वितळतात. तुझी विक्रिया झालेलीच नाही आणि तू आता नियम शोधत्येस. मग ते माझ्याकडे वळले, पण प्रश्न विचारायला नव्हे, दुजोरा घ्यायला.

"मार्गदर्शकांनी हे बघितलं नव्हतं का?"

तिनेही माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. मी आता बोलणार आहे याची तिला खात्री होती, म्हणून ती नुसती थांबली होती.

मला उत्तर माहीत होतं. ते दोन वाक्यांचं होतं. पण ते बोलले असते तर मग रामन का नाही केला, हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर माझ्या टेबलावर तीन आठवडे पडलं होतं. बाहेर पंधरा पोरं ताटकळत होती. सात पुरुषांपैकी तिघे खोलीत होते आणि आलेखाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या मोठ्या रेणूला नियम लागतोच ना, अशी एक पाल माझ्याही मनात चुकचुकली. चुकचुकली म्हणण्यापेक्षा मी तिला चुकचुकू दिलं, कारण मला तिची गरज होती.

"चहाचं बघते," मी म्हटलं आणि उठले.

आयुष्यभर ज्या चहावरून भांडले, त्याच्याच आडोशाला गेले. कँटीनचा पोऱ्या नेहमी बोलावल्यावर येतो, त्या दिवशी मी स्वतः जिना उतरून गेले. परत आले तेव्हा तिची परीक्षा संपली होती आणि ती व्हरांड्यात आपल्या वहीचे कोपरे सरळ करत उभी होती. मी तिच्या बाजूने पुढे गेले. तिने मला हाक मारली नाही.

प्रकल्पात ती नापास झाली. वर्ष थांबून पुन्हा प्रकल्प करायचा, एवढाच मार्ग होता. निकालानंतर आठ दिवसांनी कोल्हापूरचा लिफाफा माझ्या नावे आला. रामनच्या आलेखात खुणा वर जातात. त्यात बावीसशे बावीसवर एक शिखर होतं, इतकं उंच आणि टोकदार की बाकीचे सगळे त्यापुढे बुटके वाटावेत. तिचा आय.आर. मी त्याच्याखाली धरला. जिथे वरच्यात शिखर तिथे खालच्यात सपाट रेघ, आणि खालच्यातला जोरकस दात वरच्यात गायब. वीस वर्षं जे फळ्यावर काढलं ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते. एखाद्या शिक्षकाला आनंद व्हावा असा तो क्षण, आणि मी लिफाफ्यावरची तारीख बघत होते.

तो कागद घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, गुण विद्यापीठात गेलेत, बंद पाकीट गेलंय. आता पत्रव्यवहार करायचा तर परीक्षकांवर आक्षेप घ्यावा लागेल, आणि तेव्हा तुम्ही खोलीत होता ना, मग गप्प का होता, हेही लिहावं लागेल. बघा तुमचं तुम्ही. मी बघितलं. कागद पर्समध्ये ठेवला.

तिच्या गावी मात्र गेले. पुन्हा एक वर्ष द्या असं वडिलांना सांगायचं होतं. वडील बागेतून आले, हातपाय धुतले, मला खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. बोलायला अगदी नरम माणूस. मी सांगितलं, मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी नक्की होईल. ती आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

"आवं मॅडम, हुशार हाय तर नापास कशी झाली?" वडिलांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "दोन वर्सं म्हणलो हुतो, दोन वर्सं दिली. तिचं काय चुकलं एवढं सांगा, मी आनखी एक दितो."

तिचं काय चुकलं एवढं सांगा. काही चुकलं नव्हतं, आणि त्याचा पुरावा माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये घडी घातलेला होता. तो काढला असता तर त्या माणसाने वर्ष दिलं असतं, मला पक्कं ठाऊक आहे. पण मग चूक कुणाची हे त्या पायरीवर, तिच्यासमोर, मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, होतं कधी कधी असं, नशीब असतं. त्यांनी मान हलवली. नशीब म्हटल्यावर त्यांच्याकडे पुढचा प्रश्न उरला नाही. मला येताना द्राक्षांची पेटी दिली, आणि मी ती घेतली. पुण्याची जागा गेली. दिवाळीनंतर तिचं लग्न साताऱ्याकडे झालं असं कुणाकडून तरी कळलं.

त्या वर्षापासून मी फळ्यावर टोलान काढू लागले. पोरं वैतागत, मॅडम, हे पेपरला येत नाही म्हणत. मी काढत राहिले. त्याने कुणाचं काय भलं झालं ते मला माहीत नाही.

यंदा पोरांना घेऊन साताऱ्याजवळच्या एका औषध कारखान्यात गेले. तिथे गोदामात कच्च्या मालाचे ड्रम येतात. लेबलावर जे लिहिलंय तेच आत आहे का, हे प्रत्येक ड्रमला तपासावं लागतं. पूर्वी पिशवी उघडून नमुना काढत, आता हातात धरायचं रामनचं यंत्र आहे. प्लास्टिकच्या पिशवीवरूनच टेकवायचं, आतल्या पदार्थाचा आलेख यंत्रच साठवलेल्या आलेखाशी ताडून बघतं आणि हिरवा किंवा लाल दिवा लावतं. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, निळा कोट घातलेली एक बाई ओळीने ड्रम तपासत होती. टेकव, थांब, हिरवा, चिकटपट्टी, पुढचा. मी तिला हातांवरून ओळखलं. वहीचे कोपरे सरळ करावेत तशी ती चिकटपट्टीचे कोपरे दाबत होती.

बरोबरच्या अधिकाऱ्याने पोरांना सांगितलं, हे आय.आर.सारखंच असतं, फक्त पिशवी उघडावी लागत नाही. ठेकेदाराकडच्या बायकासुद्धा चालवतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, सारखंच असेल तर दोन वेगवेगळी यंत्रं कशाला ठेवतात? अधिकारी गडबडला. मी त्या निळ्या कोटाकडे वळले.

"ही सांगेल," मी म्हटलं. "हिला येतं."

ती थांबली. मास्कवर नुसते डोळे. बरीच वर्षं झाली होती, पण तिने माझ्याकडे तसंच बघितलं, फक्त आता त्यात कसलीच वाट बघणं नव्हतं.

"आम्हाला हिरवा लागला का लाल, एवढंच बघायचं असतं, मॅडम," ती म्हणाली आणि पुढच्या ड्रमकडे गेली.

मग मीच सांगितलं. टोलान घेऊन, मध्यबिंदू, तोल, ढग, दोन जाती, सगळं. बिनचूक सांगितलं, दोन मिनिटं लागली. त्या खोलीत तेवढीच लागली असती. पोरांनी लिहून घेतलं. ती पाठमोरी ड्रम तपासत राहिली.

पुढच्या शनिवारी मी एकटीच एसटीने गेले आणि कामाची पाळी सुटायच्या नव्हे, भरायच्या वेळी फाटकाशी उभी राहिले, कारण सुटताना बायकांना घरची घाई असते. ती आली. मी पर्समधून कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. मी जे बोलायचं ठरवून आले होते त्यातलं एवढंच बोलता आलं, की हा निकालानंतर आठ दिवसांनी आला होता, मी तुमच्या घरी आले तेव्हा माझ्याजवळ होता. चूक माझी होती.

तिने कागद उघडला. चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट बघत होते, तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिचं बोट आलेखावरून सरकत त्या शिखरावर जाऊन थांबलं.

"बावीसशे बावीस," ती म्हणाली. "मी वीस लिहिलं होतं."

ते शिखर ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. आत भोंगा झाला. तिने कागद जुन्या घड्यांवरच नीट दुमडला आणि माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, तुझा आहे, ठेव.

"आत सुटा कागद नेता येत नाही, मॅडम," ती म्हणाली. मी तो घेतला, आणि ती कार्ड टेकवून आत गेली.